पैसे कट झाले, ऑर्डर पेंडिंग

ऑनलाइन दुकानाची पैसे भरण्याची व्यवस्था काही तास कोलमडली, की दुकानाला ग्राहकांना एक पत्र पाठवावे लागते. काय बिघडले हे त्यात सांगायचे असतेच. पण ज्याच्या खात्यातून पैसे कट झाले आणि पडद्यावर ‘पेंडिंग’ एवढेच दिसते आहे, त्याला दोन गोष्टींची उत्तरे हवी असतात. आपले पैसे आत्ता कोणाकडे आहेत, आणि आपल्या ऑर्डरचे काय होणार. बहुतेक पत्रे यातल्या पहिल्या प्रश्नाला बगल देतात. दुकानदार मुद्दाम लपवतो असे नाही; पुष्कळदा ते त्यालाही ठाऊक नसते. ते का ठाऊक नसते, हे कळल्याशिवाय असे पत्र नीट लिहिता येत नाही आणि नीट वाचताही येत नाही.

यूपीआयने पैसे भरताना ग्राहकाला एकच कृती दिसते: रक्कम पाहिली, पिन टाकला, हिरवी खूण आली. आत मात्र निरोपांची साखळी चालते. ग्राहकाच्या ॲपमधून मागणी निघते ती त्या ॲपच्या बँकेमार्फत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआयकडे जाते. एनपीसीआय ग्राहकाच्या बँकेला रक्कम वजा करायला सांगते, तिचा होकार आला की दुकानाच्या बाजूच्या बँकेला रक्कम जमा करायला सांगते, आणि शेवटी निकाल दोन्हीकडे कळवते. ऑनलाइन दुकानाच्या बाबतीत आणखी एक टप्पा असतो. दुकान स्वतः बँकेशी बोलत नाही; मधे पेमेंट गेटवे चालवणारी कंपनी असते, आणि ‘पैसे मिळाले’ हा निरोप तीच दुकानाच्या संगणकाला देते. तो निरोप पोचला की ऑर्डर पक्की होते.

साखळी कुठेही तुटू शकते. रक्कम वजा होण्याआधी तुटली तर फारसा प्रश्न नसतो. वजा झाल्यानंतर आणि जमा होण्याआधी तुटली तर पैसे खरोखर अडकतात. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. रक्कम वजा झाली, दुकानाच्या बाजूला जमाही झाली, फक्त शेवटचा निरोप दुकानाच्या संगणकापर्यंत आला नाही. पैसे पोचलेले असतात, पण दुकानाला त्याची वार्ता नसते. ग्राहकाच्या मोबाइलवर तिन्ही प्रकार जवळजवळ सारखेच दिसतात.

१२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी देशभर यूपीआय असेच अडखळले. दुपारच्या सुमारास व्यवहार मोठ्या प्रमाणात फसू लागले आणि काही तास तसेच चालले. त्याआधी २६ मार्चलाही असा खंड पडला होता. एप्रिलच्या घटनेचे जे कारण एनपीसीआयच्या तपासात पुढे आले ते चमत्कारिक होते: ‘या व्यवहाराचे काय झाले?’ अशी चौकशी करणाऱ्या निरोपांचा पूर. काही बँकांच्या यंत्रणा जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा पुन्हा पुन्हा विचारणा करत राहिल्या आणि त्या विचारणांच्या भाराखाली मूळ व्यवहार दबले. पुढे, १ ऑगस्ट २०२५ पासून, अडकलेल्या व्यवहाराची स्थिती तीनदाच आणि प्रत्येक वेळी दीड मिनिटाच्या अंतरानेच तपासता येईल, असे बंधन आले.

त्या शनिवारचा एक नमुना घेऊ. दुकान काल्पनिक आहे, आकडे समजण्यापुरते आहेत. कोकणातल्या बागांमधला हापूस थेट ग्राहकांना पाठवणारी एक छोटी पेढी. एप्रिलचा मध्य, म्हणजे हंगाम ऐन भरात. साडेअकरा ते चार या वेळात तिच्याकडे १४० ऑर्डरी आल्या आणि त्यांपैकी ५२ पेंडिंग राहिल्या. पुस्तकांचे दुकान असते तर त्या चार दिवस थांबवून ठेवता आल्या असत्या. अढीतला आंबा थांबत नाही. सोमवारच्या गाडीने निघायच्या पेट्या रविवारी भरायच्या, म्हणजे कोणाच्या नावाची चिठ्ठी लावायची हे रविवारी सकाळपर्यंत ठरायला हवे.

अशा वेळी खरे तर दोन पत्रे लागतात, आणि त्यांची गल्लत केली की दोन्ही बिघडतात. पहिले बिघाड चालू असतानाच जाते. ते चार ओळींचे असावे, कारण त्या घडीला दुकानाला निश्चित असे फारच थोडे ठाऊक असते. पेढीची पहिली सूचना साधारण अशी असेल:

“सप्रेम नमस्कार. आज दुपारी साडेअकरापासून यूपीआयने भरलेल्या पैशांचे निरोप आमच्यापर्यंत वेळेवर पोचत नाहीत. आपल्या खात्यातून रक्कम गेली असेल आणि ऑर्डर ‘पेंडिंग’ दिसत असेल, तर कृपया पुन्हा पैसे भरू नयेत. आपली ऑर्डर आम्ही रद्द केलेली नाही. उद्या, रविवारी सकाळी अकरापर्यंत प्रत्येक ऑर्डरची स्थिती कळवू.”

यातले सर्वांत मोलाचे वाक्य पुन्हा पैसे न भरण्याचे आहे. अडकलेल्या व्यवहारावर माणसाची पहिली प्रतिक्रिया म्हणजे तोच व्यवहार दुसऱ्यांदा करणे, आणि त्यातून दुकानाच्या गळ्यात दुप्पट काम पडते. सूचनेत बिघाडाचे कारण नाही, हेही बरोबर आहे. दुपारी दोन वाजता कारण कोणालाच ठाऊक नसते. ‘बँकेच्या सर्व्हरमुळे’ असे ठोकून दिले आणि दोष गेटवेचा निघाला, तर दुसऱ्या पत्रावर कोण विश्वास ठेवणार? उलट पुढचे उत्तर केव्हा मिळेल, त्याची वेळ मात्र घातलेली आहे. ‘लवकरच कळवू’ वाचून ग्राहक फोन करतो; ‘अकरा वाजता’ वाचून तो अकरापर्यंत थांबतो.

दुसरे पत्र लिहिण्याआधी ताळमेळ घालावा लागतो. गेटवेकडून मिळणारी व्यवहारांची यादी आणि दुकानाची ऑर्डरींची यादी समोरासमोर ठेवायची आणि एकेक जोडी जुळवायची. जुळवणीचा धागा म्हणजे ऑर्डरचा क्रमांक. त्याच्या जोडीला यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, जो ग्राहकाच्या ॲपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात दिसतो. बहुतेक जण त्याला यूटीआर म्हणतात. ग्राहक पुराव्यादाखल स्क्रीनशॉट पाठवतात, पण त्याचा उपयोग त्यातला तो क्रमांक वाचण्यापुरताच. चित्र बनावट करता येते. क्रमांक यादीत सापडतो किंवा सापडत नाही.

पेढीच्या ५२ ऑर्डरींचे रविवारी सकाळी तीन ढीग झाले. २७ ऑर्डरींचे पैसे गेटवेकडे जमा होते. केवळ निरोप हुकला होता. १६ व्यवहार गेटवेने ‘फसला’ म्हणून नोंदवले होते. उरलेल्या ९ व्यवहारांचा निकाल गेटवेलाही लागलेला नव्हता.

पहिला ढीग सरळ वाटतो, पण त्यात एक गाठ होती. २७ पैकी ४ ग्राहकांनी सूचना मिळण्याआधीच पुन्हा पैसे भरले होते. त्यांच्या नावे दोन-दोन ऑर्डरी उभ्या होत्या, दोन्हींचे पैसे मिळालेले. संगणकाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या, खऱ्या ऑर्डरी आहेत. एकाच माणसाने, त्याच पत्त्यावर, तेवढ्याच पेट्या दहा मिनिटांच्या आत मागवल्या की ती पुनरावृत्ती असण्याचा संभव मोठा. पण एक पेटी घरी आणि एक सासरी असेही असू शकते. म्हणून अशा चौघांना फोन करून विचारणे हाच मार्ग. त्यांच्यासाठी सामाईक पत्रात ओळ लिहून भागत नाही.

दुसऱ्या ढिगापाशी दुकानदार हमखास चुकतो. ‘फसला’ याचा अर्थ दुकानाला पैसे मिळाले नाहीत, एवढाच. ग्राहकाच्या खात्यातून ते गेले की नाही, हे दुकानाला दिसतच नाही. ती वही ग्राहकाच्या बँकेकडे असते. तरीही घाईघाईत ‘आपले पैसे कापले गेलेले नाहीत’ असे लिहिले जाते. ज्याच्या खात्यातून १,८०० रुपये गेल्याचा मेसेज त्याच्या हातात आहे, त्याला ते वाक्य खोटारडेपणाचे वाटते. खरे वाक्य थोडे लांब आहे: ‘आपली रक्कम आमच्यापर्यंत आलेली नाही, ती आपल्या खात्यातून वजा झाली असेल, तर ती आपल्या बँकेने परत जमा करायची आहे.’

इथून पत्राचा कणा सुरू होतो, आणि तो रिझर्व्ह बँकेच्या एका परिपत्रकावर उभा आहे. २० सप्टेंबर २०१९ चे हे परिपत्रक फसलेल्या व्यवहारांची रक्कम किती दिवसांत परत व्हावी आणि उशीर झाल्यास ग्राहकाला काय भरपाई मिळावी, हे ठरवते. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयने पैसे पाठवले आणि ते तिकडे जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. दुकानाला पैसे भरले, खात्यातून रक्कम गेली आणि दुकानाला खात्री मिळाली नाही, तर मुदत पाच दिवसांची. कार्डाने ऑनलाइन खरेदी केली तरीही पाचच. मुदत उलटली की पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता खात्यात जमा व्हायची आहे.

दिवस मोजायचे ते कॅलेंडरचे, बँकेच्या कामकाजाचे नव्हेत. पेढीच्या ग्राहकाचा व्यवहार शनिवारी १२ एप्रिलचा. रविवार मोजायचा, १४ तारखेची आंबेडकर जयंतीची सुट्टीही मोजायची. पाचवा दिवस गुरुवार, १७ एप्रिल. रक्कम तोपर्यंत आली तर भरपाई नाही. ती रविवारी २० एप्रिलला आली असे धरले, तर १८, १९ आणि २० असे तीन दिवस उशीर, म्हणजे ३०० रुपये. पत्रात ‘पाच ते सात कामकाजाचे दिवस’ असे छापील वाक्य टाकण्याऐवजी ‘१७ एप्रिलपर्यंत’ असे लिहिले, तर ग्राहकाला बोटे मोजावी लागत नाहीत आणि बँकेशी बोलताना त्याच्या हातात एक तारीख असते.

आता ज्यावरून सर्वांत जास्त भांडणे होतात तो फरक. वर सांगितलेली मुदत आपोआप उलटणाऱ्या रकमेची आहे, जी दुकानापर्यंत पोचलीच नाही तिची. ज्या व्यवहारात दुकानाला पैसे मिळाले आणि नंतर ऑर्डर रद्द झाली, तिथे परतावा दुकानाने स्वतः गेटवेमार्फत पाठवायचा असतो. ते आपोआप घडत नाही. दुकानाने बटण दाबले नाही तर बँकेला त्याची कल्पनाही नसते. ग्राहकाच्या तोंडी दोन्हींना एकच शब्द, ‘रिफंड’. म्हणून तो दुकानाकडे जातो तेव्हा दुकान त्याला बँकेकडे पाठवते, बँक पुन्हा दुकानाकडे, आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. पत्राने प्रत्येक ढिगासमोर स्पष्ट लिहावे की पैसे परत करण्याची जबाबदारी कोणाची, बँकेची की दुकानाची. मधे राहून दोघांनी हात वर केले, असे होऊ नये.

उरले ते ९, निकाल न लागलेले. कायमचे असे लटकत कोणी राहत नाही. बँकांच्या वह्या एकमेकींशी जुळवल्या गेल्या की यातला प्रत्येक व्यवहार एका बाजूला पडतो. पण रविवारी सकाळी ते ठाऊक नसते, आणि आंबा तर भरायचा असतो. दुकानापुढे इथे दोन पर्याय असतात. पैसे येतील असे धरून माल पाठवणे, किंवा निकाल लागेपर्यंत माल राखून ठेवणे. साडी किंवा मिक्सर असता तर राखून ठेवणे शहाणपणाचे. नाशवंत मालाला तिसरी वाट काढावी लागते: त्या दिवशीचा माल इतरांना द्यायचा, पण या नऊ जणांना पुढच्या तोडणीतल्या पेट्या त्याच दराने देण्याचे वचन लेखी द्यायचे. हंगामात हापूसचा दर आठवड्याआठवड्याला हलतो, म्हणून ‘त्याच दराने’ हे शब्द पत्रात नसले तर पुढे वाद ठरलेला. ज्यांना थांबायचे नाही त्यांना रद्द करण्याची मुभा असावी. आणि रद्द केलेल्या ऑर्डरचे पैसे नंतर येऊन पडले तर? काही गेटवे उशिरा आलेली, दुकानाने न स्वीकारलेली रक्कम आपोआप परत करतात. सर्वच करत नाहीत. आपला गेटवे कोणत्या प्रकारचा आहे, हे पत्र लिहिण्याआधी विचारून घ्यावे, कारण ‘आपोआप परत येईल’ हे वाक्य त्यावरच खरे किंवा खोटे ठरते.

हे सगळे ठरल्यावर दुसरे पत्र लिहायला अर्धा तास पुरतो. चांगली पेढी एकच लांबलचक पत्र सर्वांना पाठवत नाही. तीन ढिगांना तीन पत्रे जातात, आणि प्रत्येकात त्या ग्राहकाचा ऑर्डर क्रमांक, रक्कम व तारीख असते. पहिल्या ढिगातल्याला आपली पेटी केव्हा निघणार एवढेच हवे असते. त्याला रिझर्व्ह बँकेचे नियम ऐकवून उगाच काळजीत पाडण्याचे कारण नाही. दुसऱ्या ढिगातल्याला जाणारे पत्र असे:

“सप्रेम नमस्कार. शनिवार, १२ एप्रिल रोजी आपण दोन पेट्यांची ऑर्डर दिली होती. त्या दिवशी यूपीआय सेवेत देशभर खंड पडला आणि आपली रक्कम आमच्यापर्यंत पोचली नाही. आपल्या खात्यातून ती वजा झाली असल्यास बँकेने ती १७ एप्रिलपर्यंत परत जमा करणे अपेक्षित आहे. त्यानंतर उशीर झाल्यास रोज १०० रुपये भरपाईचा आपल्याला हक्क आहे. ही रक्कम आमच्याकडे नसल्याने आम्ही ती परत करू शकत नाही. मात्र बँकेला दाखवण्यासाठी ‘रक्कम मिळाली नाही’ असे लेखी पत्र आम्ही मागताच देऊ. आपल्या दोन पेट्या मंगळवारी सायंकाळपर्यंत त्याच दराने राखून ठेवल्या आहेत. हव्या असल्यास संकेतस्थळावर नेहमीप्रमाणे लॉगिन करून पैसे भरावेत किंवा माल मिळाल्यावर रोख द्यावेत. नको असल्यास काहीही करण्याची गरज नाही. झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.”

माफी शेवटी आणि एकदाच आली आहे. सुरुवातीलाच दिलगिरीचे तीन परिच्छेद असले की वाचणारा पैशांची ओळ शोधत खाली धावतो. दोष कोणाचा हेही एका वाक्यात आटोपले आहे. देशभर खंड पडला हे खरे आहे, म्हणून सांगितले. तो दुकानाच्या स्वतःच्या संगणकात असता, तर तेही तितक्याच सरळपणे सांगावे लागले असते. ‘काही तांत्रिक अडचणींमुळे’ या शब्दांतून ग्राहकाला काहीच कळत नाही.

या पत्रात एक गोष्ट मुद्दाम घातलेली नाही: पैसे भरण्याची लिंक. यूपीआय बंद पडल्याची बातमी पसरली की भामटेही कामाला लागतात. ‘अडकलेले पैसे परत मिळवण्यासाठी इथे क्लिक करा’ किंवा ‘रिफंडसाठी पिन टाका’ असे निरोप फिरू लागतात. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून बाहेर जाणार. दुकानाच्या पत्रातच लिंक असली तर खरे आणि खोटे पत्र ओळखण्याची खूणच जाते. म्हणून ‘नेहमीप्रमाणे लॉगिन करून’ हे शब्द, आणि त्याखाली एक ओळ: आमच्याकडून कोणीही आपला पिन, ओटीपी किंवा कार्डाचा क्रमांक विचारणार नाही.

रोखीचा पर्याय देतानाही एक सावधानता लागते. माल घेताना रोख पैसे दिलेल्या ग्राहकाची शनिवारची रक्कम नंतर दुकानाकडे आली, तर तिची वाट कोणी पाहत नसते. ग्राहक विसरलेला असतो आणि दुकानाच्या वहीत ती बिननावाची पडून राहते. पेंडिंग ऑर्डरला रोखीने मिटवताना तिच्या जुन्या व्यवहारावर खूण करून ठेवणे आणि पुढचे पाच-सहा दिवस गेटवेची यादी रोज तपासणे हाच त्यावर उपाय.

१७ एप्रिल उलटूनही रक्कम आली नाही, तर ग्राहकाने कुठे जायचे हेही पत्राच्या शेवटी असावे. आधी ज्या ॲपमधून पैसे भरले त्यातच त्या व्यवहारावर तक्रार नोंदवायची, किंवा आपल्या बँकेकडे बारा आकडी क्रमांकासह लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही. थेट लोकपालाकडे गेलेली तक्रार, बँकेकडे आधी न गेल्यामुळे, परत पाठवली जाते, म्हणून हा क्रम सांगणे गरजेचे.

पेढीच्या ९ लटकत्या व्यवहारांपैकी सोमवारपर्यंत ५ चे पैसे जमा झाले आणि ४ फसल्याचे नक्की झाले असे धरू. पाच जणांना पुढच्या तोडणीची तारीख कळवणारे, आणि चौघांना दुसऱ्या ढिगातले तेच पत्र, व्यवहाराची तारीख व मुदत तीच ठेवून, त्याच दिवशी जाते. १८ एप्रिलच्या सकाळी गेटवेची यादी शेवटची तपासली जाते. त्यात आधी फसलेल्या, पण उशिरा येऊन जमा झालेल्या दोन रकमा सापडल्या, तर त्यांचा परतावा दुकानाने त्याच दिवशी स्वतः पाठवायचा असतो, आणि त्या दोघांना परताव्याचा क्रमांक कळवणाऱ्या दोन ओळी लिहायच्या असतात.